एका मिनिटाचे एकतीस रुपये

गारखेड्यातल्या आमच्या इमारतीला तीन मजले आहेत आणि लिफ्ट नाही. चार घरांत एकच मावशी काम करतात. तळमजल्यावर आम्ही तिघं, पहिल्या मजल्यावर आजी, दोन मुलं आणि नवरा-बायको असं पाच माणसांचं घर, दुसऱ्यावर निवृत्त काका-काकू, आणि तिसऱ्यावर भाड्याने राहणारं नोकरदार जोडपं. मावशी मुकुंदवाडीहून येतात. शेअर रिक्षाने गजानन महाराज मंदिराच्या चौकात उतरतात आणि सकाळी नऊला आमची बेल वाजते.

गेल्या वर्षापर्यंत आम्ही त्यांना किती देत होतो, हे आम्हा चौघांपैकी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. आपापलं ठाऊक होतं, बेरीज कुणी केली नव्हती. आम्ही बाराशे देत होतो, पहिला मजला दोन हजार, काका-काकू पंधराशे आणि वरचं जोडपं नऊशे. प्रत्येकाला आपला आकडा बरा वाटत होता, कारण शेजारच्या इमारतीत ‘एका कामाचे पाचशे-सहाशे’ असाच भाव चालतो. मावशींनी दिवाळीआधी पगार वाढवायला सांगितलं, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, ‘वाढवू की, पण किती? कशावरून?’ तो ‘कशावरून’ मला फार खरा वाटला. इथं मी लिहिते आहे ते त्याचंच उत्तर.

‘कामाला इतके’ हा भाव सोयीचा आहे, पण काम म्हणजे किती, हे त्यात कुठंच येत नाही. दोन माणसांची भांडी आणि पाच माणसांची भांडी ही दोन्ही ‘भांडी’च. म्हणून पूर्वीपासून माणशी हिशेब करण्याची रीत आहे. तो थोडा बरा, पण तोही फसतो. माणसं दुप्पट झाली म्हणून भांडी दुप्पट होत नाहीत. कढई, तवा, कुकर आणि दुधाचं पातेलं दोघांच्या घरातही तेवढंच असतं. फरशीचा तर माणसांशी संबंधच नाही, तिचा संबंध खोल्यांशी आहे. कपड्यांचा संबंध घरात मशीन आहे की नाही याच्याशी. सगळ्या कामांना एकाच मापाने मोजता येईल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वेळ.

वेळेवर दर ठरवायचा तर मूळ आकडा कुठून आणायचा? महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वर्षं वयाच्या घरकामगारांची नोंदणी आणि त्यांच्यासाठीच्या कल्याणकारी योजना हा त्याचा विषय आहे. पगार किती असावा हे तो सांगत नाही. पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. म्हणजे पगारवाढ आणि हक्काची रजा या मागण्या आपल्याकडे चार दशकांहून जुन्या आहेत, तरी दर अजून ज्या त्या गल्लीत ठरतो.

राजस्थानने मात्र एक वाट काढून दाखवली. 2016 पासून तिथं घरकामाला किमान वेतन लागू झालं. पूर्ण दिवस, म्हणजे आठ तास काम करणाऱ्या बाईला महिन्याला 5,642 रुपये, आणि चार माणसांच्या घरची भांडी किंवा कपडे असं एकेक काम करणारीला 705 रुपये. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. 5,642 म्हणजे 217 रुपये रोज गुणिले 26 दिवस, आणि 705 म्हणजे 5,642 चा आठवा भाग. याचा अर्थ असा की सरकारने एक काम म्हणजे दिवसाचा एक तास धरला आणि महिन्याच्या पगाराचे आठ तुकडे केले. घरात चारपेक्षा जास्त माणसं असतील तर 10 टक्के वाढ. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती, पण रीत पक्की आहे. आठ तासांचा माणसाचा पगार आधी ठरवायचा आणि मग त्याचे तुकडे करायचे. आपण नेमकं उलटं करतो. आधी तुकड्याचा भाव ठरवतो आणि सगळे तुकडे जोडून माणूस जगतो की नाही, हे बघतच नाही.

आता आपल्या राज्याकडे वळू. दुकानं आणि आस्थापनांमधल्या अकुशल कामगारासाठी महाराष्ट्र सरकार किमान वेतन जाहीर करतं. त्यात मूळ वेतनावर विशेष भत्ता असतो आणि तो महागाईनुसार दर जानेवारीला आणि जुलैला बदलतो. घरकामाला हा दर कायद्याने बांधलेला नाही, पण दुकानात झाडलोट करणाऱ्या माणसाला जो आकडा किमान मानला आहे तो घरात झाडलोट करणारीला जास्त का वाटावा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि शेजाऱ्यांकडेही नव्हतं. आकडा सहा महिन्यांनी बदलतो म्हणून इथं मी हिशेबाला सोपी अशी 13,000 ही रक्कम धरते. तुम्ही करताना त्या सहामाहीची चालू रक्कम घ्या.

या वेतनाच्या अधिसूचनांमध्ये एक छोटं कलम असतं, ते सगळ्यात कामाचं आहे. रोजचा दर काढताना महिन्याला 26 ने भागायचं, आणि कामगार अर्धवेळ असेल तर रोजच्या दराला आठने भागून येणाऱ्या ताशी दरावर 15 टक्के वाढवायचे. अर्धवेळ कामाचा तास महाग का? कारण दिवसाचे चार तास काम करणाऱ्याला उरलेले चार तास विकता येतीलच असं नाही. जाण्यायेण्याचा वेळ मात्र पूर्णवेळवाल्याइतकाच जातो. आमच्या मावशींकडे पाहिलं की हे पंधरा टक्के लगेच समजतात. दुपारी एक-दीडच्या दरम्यान त्या मोकळ्या होतात, त्या वेळी नवीन घर मिळत नाही. सगळ्यांना बाई सकाळीच हवी असते.

13,000 भागिले 26 म्हणजे 500 रुपये रोज. भागिले आठ, साडेबासष्ट रुपये तास. त्यावर 15 टक्के चढवले की 72 रुपयांच्या जरा आत येतं, आम्ही 72 धरले. मिनिटाला एक रुपया वीस पैसे. एखादं काम रोज एक मिनिट चालत असेल, तर 26 दिवसांचे त्याचे 31 रुपये 20 पैसे होतात. हाच आमच्या इमारतीतला मूळ दर ठरला: रोजच्या एका मिनिटाला महिन्याचे एकतीस रुपये आणि वर वीस पैसे.

मग मिनिटं मोजायची होती. हे काम नाजूक आहे. घड्याळ घेऊन कुणाच्या मागे उभं राहणं म्हणजे अपमान, आणि मागे कुणी उभं असलं की हात आपोआप भरभर चालतात. मोजमापही खोटं येतं. म्हणून मी मावशींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘ताई, माझ्या मोबाइलात बघते ना मी, आत शिरताना आणि निघताना.’ सात दिवस त्यांनी वेळा सांगितल्या आणि मी वहीत लिहिल्या. आठवडाभर लिहिणं गरजेचं आहे. एका दिवसाच्या मापावर गेलो असतो तर चुकलो असतो, कारण आपल्या शहरात नळ रोज येत नाही. कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं, आणि त्या दिवशी पहिल्या मजल्यावर साठलेले कपडे, बाल्कनी धुणं, पिंप घासणं हे सगळं एकदम निघतं. तो दिवस धरून सरासरी काढली तरच ती खरी. शिवाय मधल्या दिवसांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं. त्या क्षाराच्या पाण्याने स्टीलवर पांढरे डाग राहतात आणि ताट दोनदा पुसावं लागतं. ही मिनिटं कुठल्याही दरपत्रकात येणार नाहीत, वहीत मात्र आली.

आठवड्याची सरासरी अशी निघाली. आमच्याकडे भांड्यांना 25 मिनिटं आणि केर-फरशीला 30, मिळून 55. पहिल्या मजल्यावर भांडी 35, केर-फरशी 35, आणि मशीन असूनही कपडे लावणं, काढणं, वाळत घालणं आणि आजींची लुगडी हाताने धुणं याला 25, मिळून 95. काका-काकूंकडे केर-फरशी 30 आणि कणीक मळून बारा पोळ्या लाटायला, ओटा पुसायला 30, मिळून 60. वरच्या जोडप्याकडे भांडी 15, आणि केर-फरशी एक दिवसाआड असल्याने रोजची सरासरी 15; मिळून 30. बेरीज 240 मिनिटं, म्हणजे बरोबर चार तास.

पण मावशी नऊला येतात आणि एक वाजून वीस मिनिटांनी निघतात. मधली वीस मिनिटं कुठं गेली, ते वहीनेच सांगितलं. जिने चढणं-उतरणं, वरच्या जोडप्याने ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना बेल न ऐकणं, आमच्याकडे कुणी आंघोळीला गेलं म्हणून बाथरूमची फरशी थांबणं. ही वीस मिनिटं कुणाच्याच घरातली नाहीत, म्हणून आजवर ती फुकट जात होती. खरं तर ती चारही घरांची आहेत. आम्ही ती समान वाटली, प्रत्येक घराला पाच. सामायिक बाईचा पगार घराघराने वेगळा ठरतो, तेव्हा सगळ्यात आधी बुडतात ती हीच मिनिटं, हे मला तोवर कधी दिसलं नव्हतं.

म्हणजे आम्ही 60, पहिला मजला 100, काका-काकू 65 आणि वरचं जोडपं 35; एकूण 260 मिनिटं. 31.20 ने गुणलं की आमचे 1,872, पहिल्या मजल्याचे 3,120, काका-काकूंचे 2,028 आणि जोडप्याचे 1,092. बेरीज 8,112. पोळ्या हे हाताचं कसब आहे, कुणीही उठून करेल असं काम नाही, म्हणून पोळ्यांच्या तीस मिनिटांवर दहा टक्के जादा, साधारण 94 रुपये, काकूंच्या हिश्शात धरले. रिक्षाचे रोजचे जाऊन-येऊन 40 रुपये, 26 दिवसांचे 1,040. ते कामाच्या प्रमाणात नाही, समानच वाटायचे, कारण एका घरासाठी आल्या असत्या तरी भाडं तेवढंच पडलं असतं. घरटी 260. शेवटी पन्नास-शंभराच्या घरात नेऊन आमचे 2,150, पहिल्या मजल्याचे 3,400, काका-काकूंचे 2,400 आणि जोडप्याचे 1,400 झाले. एकूण 9,350.

आधी बेरीज होती 5,600. तेव्हा रविवारी सुट्टी नव्हती, महिन्याला दोन खाडे सोडून 28 दिवस काम होतं. रिक्षाचे पैसे वजा केले आणि तासांनी भागलं, तर मावशींच्या हातात तासाला 37 रुपये पडत होते. चारही घरं आपापल्या परीने भली आहेत, कुणी कधी पगार थकवला नाही. तरीही आकडा हा होता.

आमची बैठक काकूंच्या हॉलमध्ये झाली आणि त्यात मावशी होत्या. हे मी मुद्दाम सांगते आहे. चार घरांनी बाईच्या मागे बसून दर ठरवला, तर न्याय्य पगाराच्या नावाखाली चौघांची एकी होते आणि बाईला एक घर सोडून दुसऱ्याकडे जास्त मागण्याची जागा उरत नाही. आम्ही काढलेला दर ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. उद्या शेजारच्या इमारतीत कुणी जास्त द्यायला तयार झालं तर मावशींनी ते काम धरावं, आणि आम्हाला ते खटकलं तर आम्ही दर वाढवावा.

बैठक सुरळीत झाली असं नाही. काका गप्प होते. नंतर म्हणाले, ‘हिशेब बरोबर आहे, पण पेन्शन तेवढीच आहे.’ पंधराशेचे चोवीसशे त्यांना खरंच जड होते. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे ‘काका-काकूंना कमी करू’, म्हणजे त्यांची सवलत मावशींच्या खिशातून. दुसरी म्हणजे काम कमी करणं. मावशींनीच सुचवलं की केर रोज काढते, फरशी एक दिवसाआड पुसते. फरशी पुसायला वीस मिनिटं लागतात, म्हणून रोजची सरासरी दहा मिनिटांनी उतरली, पैसे 312 ने कमी झाले आणि काकूंचा हिस्सा 2,100 वर आला. मावशींचे 300 गेले, पण दहा मिनिटंही मोकळी झाली. फुकट काही गेलं नाही. एकूण पगार 9,050 ठरला.

पगार वाढला की घरं तास कमी करतात हा धोका मात्र खरा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने लगेच विचारलं होतं, ‘डिशवॉशर घेतला तर?’ घेऊ शकते. तिच्या भांड्यांची पंधरा मिनिटं म्हणजे महिन्याला 468 रुपये आहेत, किती वर्षांत मशीनची किंमत वसूल होते ते तिनेच पाहावं. त्यापेक्षा जास्त काळजीची गोष्ट वेगळी आहे. मिनिटं ठरल्यावर त्याच मिनिटांत हळूहळू जादा काम कोंबलं जातं. ‘मावशी, जाता जाता तेवढी कोथिंबीर निवडून द्या.’ हे ओळखायची खूण सोपी आहे: मावशींची इमारतीतून निघायची वेळ. काकूंच्या बदलानंतर ती एक वाजून दहा मिनिटं असायला हवी. सलग आठवडाभर दीड वाजत असेल, तर कुठल्या तरी घरात काम वाढलं आहे आणि पगार वाढलेला नाही.

सुट्टीच्या बाबतीत आमचा आधीचा गोंधळ आणखी वाईट होता. खाडा झाला की कुणी तिसाने भागून कापायचं, कुणी कापायचंच नाही, आणि मे महिन्यात घर बंद करून गावी जाणारे अर्धा पगार द्यायचे. आता रविवार सुट्टी, शिवाय महिन्याला दोन दिवस भरपगारी. त्यापुढचा खाडा कापायचाच झाला तर 26 ने भागून. आपण गावी गेलो तर पगार चालू राहतो, कारण मावशींनी तो वेळ आपल्यासाठी राखलेला असतो आणि पंधरा दिवसांसाठी दुसरं घर मिळत नाही. पाहुणे आले, घरात कार्य निघालं, तर जादा वेळेचे तासाला 72 त्याच दिवशी हातात. दिवाळीला प्रत्येक घराने आपला एक महिन्याचा हिस्सा द्यायचा. हे सगळं एका पानावर लिहून चौघांनी आणि मावशींनी सह्या केल्या. पगाराची तारीख पाच. उचल घेतली तर कुठल्या घरातून आणि किती, हेही त्याच वहीत मागच्या पानावर. पूर्वी उचलीचा हिशेब दोन्ही बाजूंच्या तोंडी असायचा आणि दर वेळी थोडा वेगळा असायचा.

सामायिक पगाराची खरी परीक्षा एक घर गळालं की होते. फेब्रुवारीत वरच्या जोडप्याची बदली पुण्याला झाली. त्यांनी पानावर लिहिल्याप्रमाणे महिनाभर आधी सांगितलं. ते गेल्यावर रिक्षाचे 1,040 तिघांत वाटले गेले, घरटी 347. जिन्याची वीस मिनिटं कमी होऊन पंधरावर आली, कारण तिसऱ्या मजल्याची चढउतारच राहिली नाही. म्हणजे राहिलेल्या प्रत्येक घराला 87 रुपये जास्त पडले आणि मावशींचे कामाचे अकराशेच्या आसपास बुडाले. दर न्याय्य असला तरी घर रिकामं राहण्याचा फटका तो भरून काढत नाही. तो अजूनही त्यांच्याच अंगावर पडतो. आमच्या पानात याला उत्तर नाही. महिनाभराची सूचना एवढाच त्यावरचा उपाय आम्हाला सापडला.

दोन महिने फ्लॅट बंद होता. मग एक तीन माणसांचं कुटुंब राहायला आलं. सामान अजून खोक्यांत होतं तेव्हाच त्या बाई जिन्यात मावशींना विचारत होत्या, ‘भांडी आणि केर-फरशीचे किती घेता?’ मी खाली दार उघडत होते म्हणून ऐकू आलं. मावशी म्हणाल्या, ‘तळमजल्यावरच्या ताईंएवढंच काम दिसतंय तुमचं. जिन्याची पाच मिनिटं धरून रोजचा एक तास. महिन्याचे अठराशे बहात्तर, आणि रिक्षाचे दोनशे साठ वेगळे. आठवडाभर करून बघते, वेळ जास्त लागला तर सांगेन.’

जुलैत विशेष भत्ता बदलला की वहीतले एकतीस रुपये वीस पैसे खोडून नवा आकडा लिहायचा आहे. रीत सोपी आहे: अकुशल कामगाराच्या महिन्याच्या नव्या किमान वेतनाला 417 ने भागायचं. आठ तासांची 480 मिनिटं असतात, आणि अर्धवेळेचे पंधरा टक्के धरले की 480 च्या जागी 417 येतात. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी तो भागाकार पानाच्या डोक्यावरच लिहून ठेवला आहे.